कोड कधी पाठवायचा

"डिलिव्हरीचा स्लॉट कन्फर्म केल्याच्या मेसेजमध्येच ओटीपी टाकला तर चालेल ना?"

नको हो, आदल्या दिवशी दिलेला कोड इतर मेसेजखाली हरवतो, आणि मधल्या वेळात कुणी खोटा फोन करून 'डिलिव्हरीचा कोड सांगा' म्हटलं तर माणूस सांगूनही टाकतो. आधी फक्त वेळ, नंबर आणि घरी नसलात तर काय एवढंच कळवा, कोड माल गाडीत चढला की वेगळा पाठवा. म्हणजे आदल्या दिवशी असं:

"उद्या मंगळवार, सकाळी ११ ते १. अडचण आली तर या नंबरवर फोन करा. घरी नसाल तर आज रात्री ८ पर्यंत शेजाऱ्यांचं नाव कळवा, नाहीतर बुधवारी याच वेळेत परत येऊ."

आणि मंगळवारी: "आज ११ ते १. कोड ४८२७. पार्सल समोर आल्यावरच सांगा, फोनवर कुणालाही नको."

शेजारी घेणार असतील तर कोड ग्राहकानेच त्यांना पाठवायचा, डिलिव्हरीवाल्याला फोनवर द्यायचा नाही, गोंधळ होतो तो इथेच. आणि स्लॉट संपला की लगेच कोड बाद करू नका, गाडी दीडला पोचली तर दारात उभं राहून नवीन कोडची वाट बघावी लागते, त्यापेक्षा दिवसभर चालू ठेवा आणि एकदा वापरला की बंद.