भाड्याच्या घरात एसीसाठी भिंतीला भोक: मालकाला कसं विचारलंत? अनुभव सांगा

कांदिवलीची_मी
मागच्या घरात, गोरेगावला, मालकीणबाईंना फोनवर विचारलं तर "करा की, घर तुमचंच आहे" म्हणाल्या, मग एसीवाला आला, भोक पाडलं, दोन उन्हाळे मजेत गेले. घर सोडताना त्याच मालकीणबाई भिंतीकडे बघून म्हणतात हे कोणी सांगितलं होतं? डिपॉझिटमधून बारा हजार कापले. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा कुठून आणू? आता कांदिवलीला आलेय, ॲग्रीमेंटमध्ये "स्ट्रक्चरल बदल करू नयेत" अशी एक ओळ आहे, स्प्लिट एसी लावायचाय आणि पुस्तकांसाठी दोन शेल्फ. तुम्ही कसं विचारलंत, काय लिहून घेतलंत, सगळं सांगा.

फिटर_भाऊ
एकवीस वर्षं एसी बसवतोय ताई. आधी ती भिंत कसली आहे ते बघा, मग परवानगी. जुन्या बिल्डिंगमध्ये भिंत विटांची पण खिडकीच्या वरून बीम जातो, आणि इनडोअर युनिट नेमकं तेवढ्याच उंचीवर लागतं, म्हणून युनिटच्या मागे सरळ भोक मारायला गेलं की बीमच लागतो. ओळखायचं कसं, तर आधी सहा एमएमच्या बिटने छोटं भोक मारून बघायचं. लाल भुकटी आली तर वीट, पांढरट पिठासारखी येऊन बिट लोण्यासारखा आत गेला तर सिमेंटचा हलका ब्लॉक, राखाडी भुकटी आणि मशीन थरथरायला लागलं तर काँक्रीट, तिथे थांबायचं. बीमला अडीच इंची भोक म्हणजे आतली सळई कापली जायची भीती, ते मालक हो म्हणाला तरी करू नका. पाइप थोडा फिरवून बीमच्या खाली विटेत काढता येतो, दिसायला वाईट दिसतो, दिसू दे.

नवीन टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असतात, पण तिथे बिल्डरने बहुतेक वेळा खिडकीजवळ पाइपासाठी भोक ठेवलेलं असतं, वर झाकण लावून रंग मारलेला असतो. बोटांनी ठोकून बघा. सापडलं तर भोकासाठी कुणाला विचारायचीही गरज नाही.

परळचा_भाडेकरू
रजिस्टर्ड ॲग्रीमेंट असेल तर मालक नाही म्हणूच शकत नाही, ती तुमची सोय आहे. मी तर न विचारता शेल्फ लावले, कोणी काही बोललं नाही.

अंधेरीवाले_काका
असं नसतं रे बाबा. रजिस्ट्रेशनने ॲग्रीमेंट पक्कं होतं, त्यातली बदल न करण्याची अटही तेवढीच पक्की होते. तुझा मालक सज्जन निघाला एवढंच.

मी स्वतः मालक आहे, माझ्या भाडेकरूने कसं विचारलं ते सांगतो. भिंतीवर पेन्सिलने गोल काढला, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं, "काका, हॉलच्या या भिंतीत खिडकीच्या डावीकडे अडीच इंचाचं एकच भोक, आउटडोअर युनिट सोसायटीने दिलेल्या जागेवर, घर सोडताना भोक बुजवून ती भिंत रंगवून देईन, यासाठी डिपॉझिटमधून काही कापायचं नाही, चालेल का?" मी "चालेल" लिहिलं, विषय संपला. सगळं इतकं स्वच्छ लिहिल्यावर नाही कशाला म्हणायचं? आउटडोअर युनिटसाठी सोसायटीच्या सेक्रेटरीला मात्र वेगळं विचारावं लागलं, कारण बाहेरची भिंत मालकाची एकट्याची नसते.

माहेर_गिरगाव
आमच्या वरच्या मजल्यावरच्यांच्या एसीचं पाणी थेट आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं हो, टपटप टपटप, दुपारी झोप नाही. त्यांनी कुणाची परवानगी घेतली होती??

फिटर_भाऊ
मावशी, त्यांचा ड्रेन पाइप मोकळा सोडलाय, तो खालपर्यंत नेऊन मोरीच्या पाइपात सोडायला सांगा.

यावरून आठवलं, भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं पाडायचं. ढोबळ सांगायचं तर आतल्यापेक्षा बाहेर एक बोट खाली. सरळ पाडलं तर जूनमध्ये पश्चिमेचा पाऊस त्यातून आत येतो आणि एसीखाली पिवळा डाग धरतो. ताई, गोरेगावच्या भिंतीवर तसा डाग होता का?

कांदिवलीची_मी
होता! हाताएवढा, पपईच्या आकाराचा. मला वाटलं एसीच गळतोय, दोनदा सर्व्हिसिंग केलं. म्हणजे ते बारा हजार खरं तर फिटरने द्यायला हवे होते.

परळचा_भाडेकरू
पण तो एसी काढून नेल्यावर भोक तर पुढच्या भाडेकरूच्या कामाला येतं, मग बुजवायचं कशाला आणि खर्च आपण का करायचा?

अंधेरीवाले_काका
याचं उत्तर मलाही देता येत नाही. माझ्याकडे आधीच्याने बुजवलं, पुढच्याने आठवड्यात त्याच जागी पुन्हा पाडलं. आता मी नुसतं झाकण लावून ठेवा म्हणतो, पण शेजारचा मालक अजून बुजवूनच घेतो.

कांदिवलीची_मी
आत्ता खिडकीजवळ ठोकून बघितलं. एका जागी पोकळ वाजतंय, रंगाखाली गोल कडा लागतेय. शेल्फचं राहिलंच, ते उद्या विचारते.