मदत हवी आहे: खिडकी मोठी केली, कोपऱ्यातून तडा गेला. लिंटलला ४ इंच बेअरिंग चालतं का?

माणदेशी_गडी

नमस्कार मंडळी. घर सांगोल्याजवळ, १९९६ साली बांधलेलं. कॉलम नाहीत, ९ इंची विटांच्या भिंती आणि त्यावर स्लॅब. वर मजला नाही, पण गच्चीवर येणं-जाणं असतं. पुढची खोली १२ बाय १६ ची. तिच्या १६ फुटी भिंतीत साडेतीन फुटी खिडकी होती, ती काढून सहा फुटी स्लायडिंग बसवली.

मिस्त्रींनी खिडकीवर आडवा ६ इंच जाडीचा तयार काँक्रीटचा लिंटल आणून टाकला. डावीकडे तो भिंतीवर ८ इंच टेकलाय. उजवीकडे अडचण आहे: खिडकी आणि दार यांच्यामध्ये फक्त १४ इंचांचा विटांचा खांब उरलाय आणि त्यावर दाराचा जुना लिंटल आधीच बसलेला. त्यामुळे नव्या लिंटलला तिथे टेकायला ४ इंचच जागा, म्हणजे बेअरिंग, मिळाली. लिंटलच्या डोक्यापासून स्लॅबपर्यंत अडीच फूट वीटकाम आहे.

धिरे काढल्यानंतर काही आठवड्यांत उजव्या वरच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी एक तडा दाराच्या बाजूला वर चढला. लिंटलच्या टोकाखालचा गिलावा पापुद्र्यासारखा सुटला आहे. शिवाय खिडकीच्या खाली, सिलच्या मधोमध, एक उभी भेग आहे. वर रुंद, खाली बारीक होत जाणारी. ही कदाचित आधीपासून असेल, नक्की आठवत नाही. मिस्त्री म्हणतात गिलाव्याचा तडा आहे, पुट्टी मारू. मारू द्यावी का?

हौशी_बांधकामवाला

घाबरू नका. वीटकाम स्वतःच कमान धरतं. लिंटलवर सगळ्या भिंतीचा भार येतच नाही, फक्त ६० अंशांच्या त्रिकोणातल्या विटांचा येतो. तुमच्या सहा फुटांवर तो त्रिकोण पाच फूट दोन इंच उंचीचा होईल. त्यातल्या विटा भरतात सहाशे-सातशे किलो, म्हणजे एका टोकाला साडेतीनशे. त्याला ४ इंच भरपूर. मी माझ्या शेतघराला तेवढंच ठेवलंय, पत्र्याचं छप्पर आहे, काही झालं नाही.

नीता_स्ट्रक्चरल

हौशी, त्रिकोणाचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण त्याला दोन अटी आहेत आणि या घरात दोन्ही मोडतात.

पहिली: त्रिकोणाचं टोक वीटकामातच संपलं पाहिजे. इथे त्रिकोणाला पाच फूट उंची हवी आणि स्लॅब आहे अडीच फुटांवर. म्हणजे स्लॅब त्रिकोणाला मध्येच कापते आणि तिचा भार लिंटलवर उतरतो. जुन्या साडेतीन फुटी खिडकीला त्रिकोण तीन फुटांचा होता, म्हणजे त्यातही स्लॅब थोडीशी येत होती. रुंदी वाढवल्यावर ती कितीतरी जास्त आली. तुमच्या पत्र्याच्या छपराचा भार इतका कमी असतो की चूक उघडी पडत नाही.

दुसरी: कमान झाली की ती दोन्ही बाजूंना बाहेर रेटते. तो रेटा घ्यायला शेजारी भरीव भिंत लागते. डावीकडे आहे, उजवीकडे १४ इंच आणि लगेच दार. तो खांब रेटा घेऊ शकत नाही. मग कमान धरली जात नाही आणि भार पुन्हा लिंटलवरच येतो.

आता आकडे. माणदेशी, खोली १२ फुटी रुंद असल्यामुळे स्लॅबचा अर्धा पट्टा, म्हणजे १.८ मीटर, या भिंतीवर येतो. स्लॅब, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि माणसांचा भार मिळून चौरस मीटरला ६५० किलो धरते. ते मीटरला साधारण ११७० झाले. वरच्या विटा ३३०, लिंटल स्वतः ८५. गोळाबेरीज मीटरला १६०० किलो. सहा फुटांवर, टेकीचा थोडा भाग धरून, हे तीन टनांच्या थोडं वर जातं, म्हणजे प्रत्येक टोकाला साधारण १५५० किलो. हौशींनी धरलेल्या साडेतीनशेच्या चौपटीहून जास्त.

हे १५५० किलो उजवीकडे ४ इंच बाय ९ इंच एवढ्या जागेवर बसतात. सेंटीमीटरमध्ये १० बाय २३. चौरस सेंटीमीटरला पावणेसात किलो. आपल्याकडच्या साध्या भट्टीच्या विटांच्या भिंतीवर साडेतीन ते पाच किलोपेक्षा जास्त मी धरत नाही. बेअरिंग ८ इंच असतं तर हाच ताण साडेतीनवर आला असता. म्हणून नव्या कामात ६ इंच हे कमीत कमी, आणि अशा रुंद गाळ्याला मी ८ ते ९ इंच सांगते.

आणि पावणेसात हा आकडासुद्धा सरासरी आहे. लिंटल भाराखाली वाकतो, त्याचं टोक किंचित फिरतं आणि खिडकीकडच्या कडेवर जास्त दाबतं. बेअरिंग जितकं आखूड, तितकी तीच कड सगळं घेते. पहिली वीट तिथेच चुरते, गिलावा सुटतो, लिंटलचं टोक मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली बसतं आणि वरच्या विटा सांध्यासांध्यातून पायऱ्यांनी फाटतात. तुम्ही लिहिलेली खूण हीच आहे. पुट्टी मारू देऊ नका. आज तड्यावर आडवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ ठिपका लावा आणि त्यावर तारीख टाका. ठिपका फुटला तर तडा अजून चालू आहे.

चिरेबंदी_परसू

आमचं घर सावंतवाडीकडे, जांभ्या चिऱ्याचं. आम्हालाही दारावर तडा गेलाय. लिंटलची टेक ९ इंच आहे, मग चूक कुठे? बहुतेक समुद्राच्या खाऱ्या हवेने सळ्या गंजतात, तेच यांचंही असावं.

नीता_स्ट्रक्चरल

परसू, सळ्या गंजल्या तर तडा लिंटलच्या खालच्या बाजूने सळईच्या रेषेत लांब जातो आणि काँक्रीटच्या खपल्या पडतात. माणदेशींचं लक्षण वेगळं आहे. तुमच्या घराचं फोटोशिवाय सांगता येणार नाही. एवढं पाहा, की लिंटलखालचा चिरा मऊ, पिवळट गाभ्याचा आहे का. जांभा एकाच खाणीतही फार वेगवेगळा निघतो. तिथे लिंटल थेट चिऱ्यावर न टेकवता खाली काँक्रीटची उशी टाकतात, म्हणजे भार दोन चिऱ्यांवर पसरतो.

जुना_गवंडी

ताईंचा हिशेब पटला, पण मला त्या चौदा इंची खांबाचीच भीती जास्त आहे. दाराचा लिंटल त्यावर, खिडकीचा त्यावर, वरची स्लॅब त्यावर. त्याचाही हिशेब मांडा की.

नीता_स्ट्रक्चरल

मांडते. खिडकीकडून १५५० किलो, तीन फुटी दाराकडून साडेसातशे, खांबाच्या डोक्यावरचे साडेपाचशे. सगळे मिळून २८५०. खांब ३५ बाय २३ सेंटीमीटर, म्हणून चौरस सेंटीमीटरला साडेतीन किलो. आकडा फार वाटत नाही, पण इतक्या लहान क्षेत्रफळाच्या खांबाला परवानगीचा ताण कमी धरावा लागतो, कारण एक वीट खराब निघाली तर भार घ्यायला शेजारी कोणी नसतं. विटा कमी ताकदीच्या असतील तर हा खांब बसत नाही. चांगल्या भाजलेल्या असतील तर काठावर.

जुना_गवंडी

मग मी असं करेन. खिडकी सहाची पाच फूट करा. उजवीकडून एक फूट विटा चढवा, जुन्या खांबात एकाआड एक थर दाते काढून गुंतवा. खांब २६ इंचांचा होईल आणि लिंटलला १६ इंच टेक मिळेल. आधी खोलीतून स्लॅबला भिंतीलगत धिरे द्या, खाली आणि वर सलग फळी. धिऱ्याचा पाय नुसत्या फरशीवर ठेवू नका. शेवटच्या थरावर आणि लिंटलमध्ये राहिलेली फट ओल्या मसाल्याने भरली तर तो आकसतो आणि लिंटल हवेतच राहतो. तिथे जेमतेम ओलसर मसाला लाकडाने ठोकून बसवायचा. दोन-तीन आठवडे धिरे काढू नका. लिंटल सहा फुटी खिडकीसाठी मिळतो तसा बाजारातून आणलाय, त्यात सळई काय आहे हे विचारलं का? बरेचदा तीन ८ एमएम असतात.

नीता_स्ट्रक्चरल

तीन ८ एमएम असतील तर सहा फुटांना हा भार झेपत नाही, माझ्या गणिताने ६ इंची लिंटलला खाली किमान तीन १२ एमएम लागतात. पाच फुटांवर गरज एक चतुर्थांशाहून जास्त कमी होते, तरी ८ एमएम कमीच पडतात. त्यामुळे गवंडी अण्णांचा उपाय खांबाला चांगला, लिंटलला अर्धवट. मला विचाराल तर दोन्ही लिंटल काढून दार-खिडकीवरून एकच सलग ९ इंच उंचीचा ओतावा. मधल्या खांबावर तो उलटा वाकतो, म्हणून तिथे वरच्या बाजूलाही सळई हवी. नेहमीच्या लिंटलमध्ये खालीच लागते, आणि हीच गोष्ट गडबडीत विसरली जाते.

माणदेशी_गडी

ठिपका लावला होता, तो फुटलाय. मिस्त्रींना लिंटलची सळई विचारली तर "कंपनीचा माल आहे" एवढंच म्हणतात. आणि सिलखालच्या भेगेचं कोणी बोललं नाही.

नीता_स्ट्रक्चरल

ठिपका फुटला असेल तर धिरे आजच द्या, बाकीचं नंतर.

सिलखालची भेग वर रुंद आहे, हे महत्त्वाचं. खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती भार खाली नेतात, मध्ये सिलखाली वरून काहीच येत नाही. पण पाया सलग असतो आणि खालची जमीन संपूर्ण लांबीवर वर रेटते. मग मधला भाग वर उचलल्यासारखा वाकतो आणि सिलची वरची कड फाटते. खिडकी सहा फुटांची केल्यावर तो पट्टा अजून लांबला. जोत्यावरचा सळईचा सलग काँक्रीट पट्टा, म्हणजे प्लिंथ बीम, हे वाकणं घेतो आणि बाजूंचा भार सगळ्या पायावर पसरवतो, पण त्यासाठी त्याच्या वरच्या सळ्या खालच्याइतक्याच हव्यात. कॉलमच्या घरात तो कॉलमांमध्ये लोंबतो, तिथे मधल्या भागात खालची सळई महत्त्वाची. लोक तेच चित्र डोक्यात ठेवून इथे वर दोन बारीक सळया टाकतात. तुमच्या घराला प्लिंथ बीम आहे का?

जुना_गवंडी

ताई, तिकडे काळी माती आहे. उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. वर रुंद भेग तिच्यानेही येते. खिडकीचा दोष काढण्याआधी भेग पावसाळ्यात मिटते का ते बघा.

नीता_स्ट्रक्चरल

खरं आहे, दोन्हींत फरक करणं इथे बसून जमणार नाही. पावसाळ्यात मिटली तर माती, एकाच बाजूला वाढतच राहिली तर भार. दोन्ही एकत्रही असू शकतात.

माणदेशी_गडी

वडील म्हणतात दगडी जोतं आहे, वर काँक्रीटचा पट्टा टाकल्याचं आठवतं, पण सळई होती की नुसतंच काँक्रीट, हे त्यांना सांगता येत नाही. रविवारी बाहेरून खिडकीखाली एक फूट खणून बघतो. धिरे आज संध्याकाळी लागतील, सेंटरिंगवाल्याकडून लोखंडी जॅक आणलेत. इंजिनियर तालुक्याहून बुधवारी येतायत, त्यांना सलग लिंटलचं विचारतो. पाच फुटांचं घरातल्यांना पटत नाहीये, सहा फुटी खिडकी आधीच आणून बसवली आहे.

हौशी_बांधकामवाला

खणताना पायाच्या दगडाखाली जाऊ नका, आणि पूर्ण लांबी एकदम उघडी करू नका. दीड-दोन फुटांचा एकच तुकडा उघडा करा. आणि त्रिकोणाचा हिशेब करताना मी स्लॅबकडे पाहिलंच नव्हतं, नीतांचं बरोबर.