मदत हवी आहे : डोळे पुसत येणाऱ्या शेजाऱ्यांना काय म्हणावे?

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या जिन्यात परवा वरच्या मजल्यावरच्या काकू डोळे पुसत उतरताना भेटल्या आणि माझ्या तोंडून सवयीने "काय काकू, मजेत ना?" असे निघून गेले. "हो, मजेत," एवढे म्हणून त्या मान खाली घालून गेल्या. त्या 'ना'मुळे होकाराखेरीज दुसरे उत्तरच उरले नव्हते, हे मला नंतर उमगले. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर "काय झाले?" विचारणे चौकशीसारखे वाटते, तर न बोलता पुढे जाणे (आम्हा पुणेकरांना ते सहज जमते) टाळल्यासारखे दिसते. "काकू, मी घरीच आहे, काही लागले तर हाक मारा," असे हळूच म्हणून वाट मोकळी करून द्यावी का, की त्यानेही त्या संकोचतील? आपण अशा वेळी पहिले वाक्य कोणते बोलता, ते कृपया सांगावे.