अनुभव धागा: लहान कॅफेसाठी आठवड्याचे बीन्स आणि दूध किती मागवावे?

जळगाव (धागा काढणारी)

आमचा कॅफे सोळा खुर्च्यांचा आहे. बीन्स कर्नाटकातून कुरिअरने येतात आणि दूध रोज सकाळी एजंटच्या गाडीने पिशव्यांमधून येते. शनिवार-रविवारी संध्याकाळी दूध संपते, तर मंगळवारी फ्रिजमध्ये दोन लिटर उरते आणि त्याची तारीख टळून जाते. मागच्या आठवड्याइतकेच मागवायचे, की त्यात काही हिशेब मांडायचा, हे मला ठरवायचे आहे. धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव अशा आपल्या भागातल्या मंडळींनी आपापली पद्धत आकड्यांसह लिहावी, कारण पुण्यामुंबईच्या कॅफेंना सकाळी फोन केला की दुपारी माल मिळतो आणि आपली तशी सोय नाही.

धुळे

ताई, मागचा आठवडा जसाच्या तसा पुढे ढकलण्यापेक्षा विकलेल्या कपांवरून ग्रॅम आणि मिलिलिटर काढावेत. आमच्याकडच्या साध्या आठवड्याचा हिशेब मांडतो.

गरम दुधाची कॉफी १४० कप, कोल्ड कॉफी १०५ ग्लास आणि बिनदुधाची ३५ कप, म्हणजे एकूण २८० शॉट होतात. आम्ही एका शॉटला १८ ग्रॅम घेतो, त्यामुळे बीन्स ५ किलो ४० ग्रॅम लागायला हवेत. प्रत्यक्षात तेवढ्यावर भागत नाही, कारण रोज सकाळी ग्राइंडर जुळवताना तीन शॉट मोरीत जातात आणि आठवड्याला त्याचेच पावणेचारशे ग्रॅमच्या वर होतात. म्हणून आमचा खरा खप साडेपाच किलोच्या आसपास असतो. एक किलोत छप्पन्न कप निघतात असे कागदावर दिसते, पण मी पन्नासच धरतो.

ऑर्डर मी सोमवारी देतो. रोस्टर बुधवारी भाजतो आणि माल पुढच्या सोमवारी किंवा मंगळवारी हातात पडतो. तोपर्यंत भाजून पाच-सहा दिवस झालेले असतात, हे बरेच होते, कारण ताज्या भाजलेल्या बीन्समधून वायू निघत असतो आणि शॉट एकसारखा उतरत नाही. मात्र याचा अर्थ असा की, आज दिलेली ऑर्डर आठवड्याने येणार आणि त्यानंतरची दोन आठवड्यांनी. म्हणून आज हातात असलेला आणि आज मागवलेला माल मिळून दोन आठवड्यांना, म्हणजे अकरा किलोंना, पुरला पाहिजे. कुरिअर अडकले तर हाताशी असावा म्हणून वर एक किलो धरला की बारा होतात. सोमवारी रात्री फडताळात साडेसहा किलो असतील आणि वाटेत काही नसेल, तर साडेपाच मागवायला हवेत. पाकीट किलोचे असल्याने मी सहा मागवतो. पुढच्या सोमवारी हातात सात असतात आणि त्याच हिशेबाने पाचच मागवावे लागतात. अशा रीतीने जास्तीचा अर्धा किलो आपोआप वळता होतो आणि माल साचत नाही.

यातली महत्त्वाची सवय वजनाची आहे. दर सोमवारी उघडी पाकिटे, ग्राइंडरच्या टोपातले बीन्स, सगळे काट्यावर ठेवावे. सुरुवातीचा साठा अधिक आलेला माल, त्यातून उरलेला साठा वजा केला की खरा खप कळतो. त्याला कपांवरून काढलेल्या आकड्याने भागावे. आमचे उत्तर बहुतेक वेळा १.०८ येते. ते अचानक १.१५ झाले, तर विक्री तेवढीच असून माल कुठेतरी जास्त जातो आहे असे समजावे. एकदा असे झाले तेव्हा ग्राइंडरची वेळ नव्या मुलाने वाढवलेली निघाली. एका शॉटला एकोणीस-साडेएकोणीस ग्रॅम पडत होते आणि चवीवरून कोणालाच ते जाणवले नव्हते.

चाळीसगाव

एवढ्या खोलात जाण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. महिन्याचे बीन्स एकदम घेतले तर दर कमी लागतो आणि कुरिअरचा खर्चही एकदाच होतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४ अंशांवर जातो आणि बीन्स उष्णतेने खराब होतात, म्हणून मी ते फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवतो. शिवाय उन्हाळ्यात कॉफीचा खप उतरतो, तेव्हा बीन्स आणि दूध दोन्ही त्याच प्रमाणात कमी करावे.

धुळे

भाऊ, उष्णतेबद्दलचे तुमचे म्हणणे योग्य आहे. पत्र्याखालच्या खोलीत बीन्स ठेवू नयेत, हे मलाही पटते. फ्रिजबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. दिवसातून चार वेळा पाकीट बाहेर काढले की थंड बियांवर बाहेरची वाफ धरते आणि त्या ओलाव्याने वास उडतो. वर दुधादह्याचा वास लागतो तो वेगळाच. महिन्याचे घ्यायचेच असेल, तर अर्ध्या किलोची हवाबंद पाकिटे करून फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि पाकीट बाहेरच्या तापमानाला आल्यावरच उघडावे.

राहिला उन्हाळा. गरम कॉफी उतरते हे बरोबर आहे, पण तिची जागा कोल्ड कॉफी घेते. आमच्याकडे गरम कपाला भांड्यात उरणाऱ्यासह दीडशे मिलिलिटर दूध जाते आणि कोल्ड कॉफीच्या ग्लासाला दोनशे. शॉट दोन्हीकडे एकच. वर मांडलेल्या आठवड्यात दोन्हीकडे एकवीस-एकवीस, म्हणजे बेचाळीस लिटर दूध लागते. त्यातले चाळीस गरम कप कोल्ड कॉफीकडे वळले, तर बीन्सचा आकडा तोच राहतो आणि दूध दोन लिटरने वाढते. म्हणून दोघांना एका प्रमाणात बांधू नये.

शहादा

माझे चहाचे हॉटेल आहे, कॅफे नाही, पण दुधाचा प्रश्न सारखाच आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे दूध उरण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ते आले की लगेच तापवून ठेवतो, रात्री पुन्हा तापवतो आणि सकाळच्या पहिल्या पातेल्यात घालतो. उन्हाळ्यात फार उरले तर बासुंदी आटवतो, ती संध्याकाळी संपते. तुम्ही लोक दूध कच्चेच का ठेवता, हे मला समजलेले नाही.

जळगाव (धागा काढणारी)

दादा, आमचे दूध पाश्चराइज्ड पिशवीचे असते, त्यामुळे ते थंड ठेवले की पुरते. ते एकदा उकळून त्यावर साय धरली की कॅपुचिनोला लागणारा बारीक फेस त्याला येत नाही. मोठे बुडबुडे येतात आणि कप टेबलावर पोहोचेपर्यंत बसतात. कोल्ड कॉफीला मात्र तापवून गार केलेले दूध चालते, तेव्हा तारीख संपत आलेल्या पिशव्या तिकडे वळवता येतील. पनीर करून पाहिले, पण लिटरभर टोन्ड दुधाचे जेमतेम सव्वाशे-दीडशे ग्रॅम निघते आणि गॅस धरला तर परवडत नाही.

भुसावळ

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट निसटते आहे. ताईंकडे रविवारी संध्याकाळी दूध संपते, म्हणजे त्या दिवसाची नोंद ही मागणीची नोंद नसून दूध होते तोपर्यंतच्या विक्रीची नोंद आहे. तिच्यावर पुढच्या रविवारची ऑर्डर बेतली, तर ती पुन्हा कमीच पडणार आणि वहीत सगळे ठीक दिसणार. मी काउंटरवर कागद ठेवला आहे. एखादी वस्तू संपली की वेळ लिहायची आणि त्यानंतर “नाही” म्हटलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक रेघ ओढायची. रेघा नेहमी कमी निघतात, कारण पहिला माणूस परत गेला की त्याच्यासोबतचे तिघे विचारतही नाहीत.

म्हणून मी दुसऱ्या बाजूनेही ताडून पाहतो. ज्या रविवारी माल पुरला, त्या दिवशी सात वाजेपर्यंत एकूण विक्रीचा कितवा हिस्सा झाला होता ते बिलांवरून काढायचे. आमच्याकडे तो सुमारे साठ टक्के असतो. सात वाजता दूध संपले आणि तोवर ३६ ग्लास गेले असतील, तर दिवसाची मागणी साठच्या आसपास होती असे धरायचे आणि वहीत ३६ ऐवजी तोच आकडा वेगळ्या शाईने लिहायचा. आमच्याकडे स्टेशनमुळे गाड्यांच्या वेळेनुसार गर्दी हलते, त्यामुळे हा हिस्सा प्रत्येकाने आपल्या दुकानाचा काढावा.

अमळनेर

मी दूध वाटपाच्या धंद्यात आहे. गाडीची मागणी आदल्या संध्याकाळीच वर कळवावी लागते, त्यामुळे सकाळी सहाला आलेल्या फोनचा उपयोग नसतो. उन्हाळ्यात आवक घटते तेव्हा वरून माल कापून येतो, आणि अशा वेळी ज्याची मागणी रोज एकसारखी आहे त्याला आम्ही पूर्ण देतो. आज चार, उद्या बारा असे मागणाऱ्याचे आधी कापले जाते. गेलेली पिशवी आम्ही परत घेत नाही. आणखी एक सांगतो, अनेक दुकानांत पिशव्या गाडीतून उतरल्यावर अर्धा-पाऊण तास कॅरेटमध्येच उन्हात पडलेल्या असतात आणि मग संध्याकाळी दूध नासल्याची तक्रार आमच्याकडे येते.

धुळे

अमळनेरच्या भाऊंचे पहिले म्हणणे माझ्या पद्धतीला जुळते. माझ्या बेचाळीस लिटरपैकी शनिवार-रविवारी नऊ-नऊ जातात आणि उरलेले पाच दिवस चार ते सहाच्या मध्ये वरखाली होतात. मी त्या पाच दिवसांना साडेचार लिटरच लावतो आणि शनिवार-रविवारी आठ. वरचे सगळे टेट्रापॅकमधून घेतो. बारा लिटरचा एक खोका कायम असतो आणि बंद असेपर्यंत त्याला फ्रिज लागत नाही, हे वीज जाणाऱ्या भागात मोठेच सोयीचे आहे. टेट्रापॅक लिटरमागे पंधरा-वीस रुपयांनी महाग पडतो. पण एक लिटर ताजे दूध ओतून दिले की साठ रुपये जातात, आणि लिटरभर कमी पडले की पाच कोल्ड कॉफी जातात. त्याच्या दुधाला किंचित शिजल्यासारखी चव असते, ती कोल्ड कॉफीत कळत नाही, म्हणून तो तिथेच वापरतो. उघडलेला पॅक फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावा लागतो.

जळगाव (धागा काढणारी)

टेट्रापॅकचा खोका या शनिवारपासून ठेवते आणि भुसावळच्या पद्धतीचा कागदही लावते. आता प्रश्न आखाजीचा आहे. त्या आठवड्याचा अंदाज कोणत्या आठवड्यावरून धरावा?

भुसावळ

आखाजीच्या दिवशी दुकान ओस असते. घरोघरी मांडे आणि आमरस असतो, बाहेर कॉफी प्यायला कोण येणार? मी त्या दिवशी निम्मे दूध घेतो.

शहादा

आमच्याकडे उलट अनुभव आहे. माहेरी आलेल्या लेकी, त्यांच्या मैत्रिणी, सगळ्या संध्याकाळी बाहेर पडतात. चहाला नाही येत, पण समोरच्या कोल्ड कॉफीवाल्याकडे रांग असते.

धुळे

दोघांचेही खरे असू शकते, कारण बाजारपेठेतले दुकान आणि कॉलनीतले दुकान यांची गर्दी सणाला वेगळी असते. अक्षय्य तृतीया दर वर्षी तारीख बदलते, म्हणून मागच्या वर्षीची तारीख पाहून उपयोग नाही. सणाच्या आदल्या दिवसापासून पुढचे तीन दिवस असे वहीत वेगळे काढून ठेवावेत. ताईंकडे मागच्या वर्षीची बिले असतील, तर त्यांनी ते चार दिवस तासाप्रमाणे इथे लिहावेत.

जळगाव (धागा काढणारी)

बिले आहेत, पण मागच्या आखाजीला दुपारी वीज गेली आणि मिक्सर बंद होता, त्यामुळे कोल्ड कॉफीची नोंद चारनंतर रिकामी आहे. चारपर्यंतचे आकडे उद्या टाकते. तोवर बीन्स एक किलो जास्तीचे मागवून ठेवते, कारण ते उरले तरी पुढच्या सोमवारी वळते होतील. ताज्या दुधाची संख्या मात्र अजून ठरलेली नाही.