मदत हवी आहे: शैव, वैष्णव आणि शाक्त परंपरांचा तक्ता नववीच्या मुलांसाठी कसा मांडावा?

फळाखडू:
नमस्कार. नववीच्या वर्गासाठी शैव, वैष्णव आणि शाक्त या परंपरांची तुलना करणारा एका पानाचा तक्ता मी तयार करत आहे. उपास्य दैवत, प्रमुख ग्रंथ, कपाळावरचे चिन्ह आणि मुख्य उत्सव अशा चार ओळी भरून झाल्या आहेत. मात्र असा तक्ता वाचला की हे तीन वेगवेगळे धर्म आहेत असे वाटू लागते. प्रत्यक्षात शिव, विष्णू आणि देवी ही तिन्ही दैवते तिन्ही परंपरांच्या कथांत येतात. मग श्रद्धेतला खरा फरक कोणत्या ओळीत दाखवावा, आणि उपासनेतल्या कोणत्या गोष्टी मुलांना स्वतः पाहून पडताळता येतील?

गोदाकाठ:
यात फार अवघड काही नाही. ‘तत्त्वज्ञान’ अशी एक ओळ वाढवावी आणि शैव अद्वैती, वैष्णव द्वैती, शाक्त तांत्रिक असे लिहावे. मुलांच्या लक्षातही राहील.

चिकित्सक:
लक्षात राहील हे खरे, पण त्यातले अर्धेच बरोबर आहे. काश्मीरमधील अभिनवगुप्तांची शैव परंपरा अद्वैती आहे. जीव मुळात शिवच आहे, फक्त त्याला स्वतःची ओळख उरलेली नाही, असे ती मानते. तमिळ प्रदेशातील शैव सिद्धान्त मात्र पती, पशू आणि पाश, म्हणजे ईश्वर, जीव आणि जिवाची बंधने, ही तिन्ही अनादी धरतो आणि मुक्तीनंतरही जिवाचे वेगळेपण राहते असे सांगतो. वैष्णवांमध्येही मध्वाचार्य द्वैती असले, तरी रामानुजाचार्य विशिष्टाद्वैत मांडतात आणि वल्लभाचार्य शुद्धाद्वैत. त्यामुळे द्वैत-अद्वैताची रेघ या तीन स्तंभांच्या मधून जात नाही, ती प्रत्येक स्तंभाच्या आतून जाते. तांत्रिक आगमही शैव आणि वैष्णव अशा दोघांकडेही आहेत.

फळाखडू, आपल्या पहिल्या ओळीत मी थोडा बदल करीन. ‘उपास्य दैवत कोणते’ याऐवजी ‘सर्वोच्च कोण, आणि बाकीच्या देवांचे स्थान काय’ असे विचारावे. त्याखाली प्रत्येक परंपरेची एकच कथा द्यावी, कारण पात्रे बहुतेक तीच असतात आणि शिखरावरचे नाव तेवढे बदलते. शैवांच्या कथेत ब्रह्मा आणि विष्णू यांच्यात श्रेष्ठ कोण असा वाद होतो, समोर तेजाचा स्तंभ उभा राहतो, ब्रह्मा हंस होऊन वर आणि विष्णू वराह होऊन खाली जातो, पण कोणालाच टोक सापडत नाही. तो स्तंभ म्हणजे शिव. वैष्णवांच्या कथेत त्रिविक्रमाचा पाय वर जातो, ब्रह्मदेव तो धुतो, त्या पाण्याची गंगा होते आणि शिव ती मस्तकावर धारण करतो. म्हणूनच भागवतात शिवाला वैष्णवांमध्ये श्रेष्ठ म्हटले आहे. देवीमाहात्म्याच्या पहिल्या अध्यायात मधू आणि कैटभ हे दैत्य उभे ठाकले असताना विष्णू झोपलेला आहे, आणि ती झोपच देवी आहे. ब्रह्मदेव विष्णूला हाक मारत नाही, तो देवीची स्तुती करतो. ती दूर झाल्यावरच विष्णू जागा होतो आणि लढतो. दैत्यांना मारतो विष्णूच, पण सामर्थ्य कोणाचे हे कथेने आधीच सांगून ठेवलेले असते. मुलांना या तीन कथा शेजारी शेजारी वाचायला दिल्या, तर फरक त्यांचा त्यांना सापडतो.

सांजवात:
आमची कुलदेवता तुळजापूरची भवानी आहे, सासरे आषाढीची वारी करतात आणि महाशिवरात्रीचा उपास घरातले सगळेच धरतात. मग आम्ही या तक्त्यात कोठे बसतो? आणि घटस्थापनेचा विधीही कोणी सविस्तर लिहिला तर बरे होईल.

चिकित्सक:
सांजवातताई, घटस्थापनेसाठी वेगळा धागा काढावा, येथे विषय भरकटेल. आपला पहिला प्रश्न मात्र तक्त्याच्या मुळाशी जाणारा आहे. बहुसंख्य घरे एका स्तंभात बसत नाहीत. स्मार्तांची पंचायतन पूजा पाहा: शिव, विष्णू, देवी, सूर्य आणि गणपती हे पाचही एकाच ताम्हनात असतात आणि ज्याची विशेष भक्ती त्याला मध्यभागी ठेवतात. विष्णूच्या जागी गंडकी नदीतला शाळिग्राम आणि शिवाच्या जागी नर्मदेतला बाण असतो. मध्यभाग बदलला की उपासनेचा कल बदलतो, बाकीचे चार देव मात्र जागेवर असतात. वारकरी परंपरेतही विठ्ठलभक्त ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा नाथपंथाची आहे आणि ती आदिनाथापासून, म्हणजे शिवापासून सांगितली जाते. तक्त्याखाली ‘अनेक घरांत यांपैकी एकाहून अधिक परंपरा एकत्र नांदतात’ असे एक वाक्य असलेच पाहिजे.

उपासनेच्या ओळीत गाभाऱ्यात काय आहे आणि भक्त काय करतो एवढेच लिहावे. शिवालयात बहुधा मूर्ती नसून लिंग असते, त्यावर जलधारा आणि बेल. प्रदक्षिणा घालणारा अभिषेकाचे पाणी जेथून बाहेर पडते ती पन्हळ ओलांडत नाही, तेथूनच मागे फिरतो. हे मुलांना एका भेटीत दिसते. विष्णूच्या देवळात मूर्तीला राजाप्रमाणे उठवणे, स्नान, वस्त्रे आणि शेजारती असा दिवसाचा क्रम असतो, आणि नैवेद्यावर तुळस असते. देवीच्या उपासनेत कुंकुमार्चन, सप्तशतीचा पाठ आणि श्रीयंत्रासारख्या आकृतीची पूजा येते. आसाममधील कामाख्येला तर मूर्तीच नाही. झऱ्याच्या पाण्याने ओल्या राहणाऱ्या खडकातील भेगेची पूजा होते.

गोदाकाठ:
द्वैत-अद्वैताचे पटले. पण मग लक्ष्मी कोणत्या स्तंभात घालायची? मी तरी वैष्णवांत घालीन. नवरात्रात तिरुपतीहून कोल्हापूरच्या देवीला शालू येतो, यावरून ती विष्णुपत्नी हे उघड आहे.

चिकित्सक:
शालू येतो हे खरे. परंतु त्या मूर्तीच्या हातांत महाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे, मागे सिंह आहे. आणि सप्तशतीबरोबर वाचल्या जाणाऱ्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचे वर्णन याच चार वस्तूंनी केले आहे. तेथे ती कोणाची पत्नी नसून सर्वांची आद्य आहे, आणि महाकाली व महासरस्वती तिच्यापासून प्रकटतात. वैष्णवांची श्री आणि शाक्तांची महालक्ष्मी यांचे नाव एक असले, तरी स्थान वेगळे आहे. मी ती दोन्ही स्तंभांत, स्थान स्पष्ट करून लिहीन.

गोदाकाठ:
मूर्तीच्या लक्षणांवरून एवढा निष्कर्ष काढावा का, याबद्दल मला अजून शंका आहे. लोक तिला शालू नेसवतात ती श्रद्धाही पुरावाच आहे, आणि तक्ता श्रद्धेचाच आहे.

फळाखडू:
दोघांचेही आभार. चिन्हांची ओळ काढून तेथे ‘सर्वोच्च कोण’ ही ओळ घेते आणि लक्ष्मी दोन्हीकडे लिहिते. एक प्रश्न राहतो: काही देवीस्थानांत पशुबळीची प्रथा आहे आणि काही शाक्त घरांत ती अजिबात नाही. उपासनेच्या ओळीत तिचा उल्लेख करावा, की मुलांनी विचारल्यावर वर्गातच बोलावे?

सांजवात:
आमच्या घरी कोहळा कापतात. तक्त्यात लिहिणार असाल तर तेही लिहा.