मदत हवी आहे: प्रोजेक्ट क्लोजर मेलमध्ये सपोर्टची तारीख कुठून धरावी?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या एका छोट्या कारखान्याची वेबसाइट पूर्ण झाली असून समारोपाचा मेल लिहितोय. सोर्स कोड, होस्टिंगचं लॉगिन आणि वापराची पुस्तिका दिली, हे तारखेसह लिहिलं आहे. डोमेन पहिल्यापासून त्यांच्याच नावावर आहे, तेही नमूद केलंय, म्हणजे नूतनीकरण कोणी करायचं यावर वाद नको.

शेवटचा हप्ता ३६,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ६,४८०, म्हणजे बिल ४२,४८० चं. ते १० टक्के टीडीएस मूळ रकमेवर कापतात, म्हणून खात्यात ३८,८८० येतील. हा हिशेब मेलमध्येच मांडलाय, कारण नुसता बिलाचा आकडा लिहिला की कमी आलेल्या पैशांवरून पुढे फोनाफोनी होते.

खरी अडचण सपोर्टची आहे. करारात ‘६० दिवस मोफत’ एवढंच आहे. हस्तांतरणापासून मोजले तर त्यांचं तपासणं रेंगाळल्यास मुदत वाया जाते. त्यांच्या मंजुरीपासून मोजले तर मंजुरी येईपर्यंत मी अडकतो. म्हणून असं लिहिलंय:

“सात दिवसांत त्रुटी न कळवल्यास काम स्वीकारलं असं धरू व आठव्या दिवसापासून सपोर्ट सुरू होईल. त्यात चुका दुरुस्त करू. नवीन पानं वा बदल वेगळ्या दराने.”

करारात नसलेली ही सात दिवसांची अट मेलमधून घालणं योग्य ठरेल का? की आधी त्यांचा लेखी होकार घ्यावा? आणि हप्ता थकला तर सपोर्ट थांबवण्याचं वाक्य याच मेलमध्ये कसं लिहिता? तुमचा मसुदा असल्यास तेवढा परिच्छेद द्याल का?