पॉवरबँक, सुटे सेल आणि विमानप्रवास : तुमचे अनुभव लिहा

पॉवरबँक चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून ती केबिन बॅगेत, कपड्यांच्या तळाशी ठेवली होती. विमान भरलेलं होतं. वरचे कप्पे संपले, आणि गेटवरच्या बाईंनी माझी बॅग खालच्या सामानाच्या कप्प्यात पाठवायला घेऊन तिला पट्टी बांधली. मीही आनंदाने दिली, ओझं गेलं म्हणून. सीटवर बसून पट्टा लावला, मोबाईल काढला, बॅटरी १२ टक्के, आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बेल दाबून सांगितलं. बॅग शोधून काढली, मला दारापर्यंत जाऊन ती उघडावी लागली, आणि सगळं विमान माझ्याकडे बघत होतं. वीस मिनिटं गेली. गप्प बसावं असा विचार मनात आला नव्हता असं नाही.
असं कुणाचं झालंय का? लिहा.

खिसेकापू : माझं उलट झालं. चेक-इनची बॅग स्कॅनरमध्ये अडली, मला बोलावून घेतलं, पॉवरबँक काढली आणि मगच बॅग पुढे गेली. पण मला हे कळत नाही की खाली आग लागली तर विझवायची सोय असते ना? मग आमच्या डोक्यावर कशाला ठेवायची? मी तर ऐकलंय की खाली हवेचा दाब नसतो म्हणून सेल फुटतो.

जुना_मेकॅनिक : दाबाचं ते खरं नाही. प्रवासी विमानात खालच्या कप्प्यातही केबिनसारखाच दाब असतो. आग विझवायची सोय असते हे मात्र बरोबर, आणि खरी अडचण तिथेच आहे. तिथे हॅलॉन वायू सोडतात. तो ज्वाळा दाबतो, पण सेल थंड करत नाही. लिथियम-आयन सेल आतून तापायला लागला की त्याची रासायनिक क्रियाच उष्णता तयार करते. शेजारचा सेल तापतो, मग त्याच्या शेजारचा, आणि जळणारे वायू बाहेर पडतात. त्याच बॅगेत डिओडरंटचा कॅन असेल तर विचारूच नका.
केबिनमध्ये धूर दिसतो, वास येतो. कर्मचारी आधी ज्वाळा विझवतात आणि मग त्यावर भरपूर पाणी ओततात. काम करतं ते पाणी. खाली ते ओतायला माणूस नसतो. धागाकर्तीने बेल दाबली ते योग्यच केलं.

भटकी_आत्या : माझी २०,००० मिलीअँपिअर-अवरची आहे. ५ व्होल्टने गुणलं तर बरोबर १०० वॉट-अवर येतात. म्हणजे काठावर! दर वेळी छातीत धडधडतं.

जुना_मेकॅनिक : आत्या, ५ व्होल्ट हा बाहेर पडणाऱ्या तारेचा आकडा. आतल्या सेलचा ३.७ घ्यायचा. २० अँपिअर-अवर गुणिले ३.७ म्हणजे ७४. निवांत जा. ३०,००० वाली मात्र १११ होते. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची आधी परवानगी लागते, १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. बाहेरचा छापा पुसला गेला असेल तर हिशोब बरोबर असूनही अडवतात.

फोटोवाला : माझी तक्रार वेगळी. ट्रायपॉडच्या बॅगेतला टॉर्च राहू दिला, पण त्याचे १८६५० आकाराचे दोन सुटे लिथियम सेल काढून घेतले. तेच सेल टॉर्चमध्ये असते तर चाललं असतं म्हणे!

जुना_मेकॅनिक : उपकरणातला सेल बंद घरात असतो. सुट्या सेलची टोकं उघडी असतात. किल्ली नाहीतर नाणं दोन्ही टोकांना लागलं की झालं शॉर्ट. प्लॅस्टिकच्या डबीत घालून केबिनमध्ये न्यायचे होते. कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या पितळी पट्ट्यांवर चिकटपट्टी लावली तरी पुरते.

शंकासुर : मग लॅपटॉप खाली चालतो का?

फोटोवाला : विषय पॉवरबँकेचा आहे हो. पण पूर्ण बंद करून, दबणार नाही असा ठेवला तर सहसा चालतो. झोपवलेला नाही, बंद. तरी मी हातातच ठेवतो.

खिसेकापू : केबिनमध्ये ठेवायची, पण कुठे? गेल्या वेळी वरच्या कप्प्यात ठेवू दिली नाही.

जुना_मेकॅनिक : २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच जळलं. आग वरच्या कप्प्यात सुरू झाली, आणि संशय पॉवरबँकेवर होता. प्रवासी वाचले. त्यानंतर तिथे वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी आली, इतरही काही कंपन्यांनी तसंच केलं. बंद कप्प्यातला धूर उशिरा कळतो.

भटकी_आत्या : पण सीटखालच्या पिशवीत ठेवली आणि पायाने दाबली गेली तर? माझी जरा फुगल्यासारखी वाटते, टेबलावर ठेवली की डुलते.

जुना_मेकॅनिक : आत्या, ती घरीच ठेवा. चार्जिंगलाही लावू नका.

खिसेकापू : मी आता जॅकेटच्या खिशात ठेवतो. परवा सुरक्षा तपासणीत जॅकेट ट्रेमध्येच विसरलो, तो किस्सा वेगळा.